आईला घरी आणलं, पण बसवायचं कसं? डावी बाजू लुळी, पाण्याने ठसका

ऋतुगंध · ६ मे, रात्री १०:१५

नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. आई ६६ वर्षांची. १९ एप्रिलला पहाटे पक्षाघात झाला, मेंदूच्या उजव्या भागात गुठळी. डावा हात आणि डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं. बोलणं आता बरंच समजतं. नवव्या दिवशी घरी सोडलं. नाकातली नळी त्याआधी दोन दिवस काढली होती. नर्सबाईंनी चमच्याने दोन घोट पाणी पाजून पाहिलं, ठसका लागला नाही, म्हणून नळी गेली. कार्डावर 'मऊ आहार, फिजिओथेरपी' एवढंच लिहिलंय. कसं झोपवायचं, कसं भरवायचं, हे कोणी सांगितलंच नाही.

आता अडचणी सांगते. पाणी आणि चहा प्यायली की खोकते. चहानंतर आवाज घोगरा होतो, घशात काहीतरी घरघरतंय असा. भात डाव्या गालात तसाच राहतो, अर्ध्या तासाने मी बोटाने काढते. एक जेवण पाऊण तास चालतं. दुसरं म्हणजे डावा खांदा. चार दिवसांपासून हात लावू देत नाही. दिवसा एक मावशी येतात, त्या हाताला धरून उठवून बसवतात. भाड्याने आणलेल्या फाउलर बेडचं डोकं वर करून तिथेच भरवतो. पण दहा मिनिटांत ती घसरून खाली येते आणि डावीकडे कलते.

संध्याकाळी अंग थोडं कोमट असतं, काल ९९.८ होता. इकडे ४४ चालू आहे, म्हणून असेल. खांद्यासाठी नेमकं काय करू आणि पाण्यासाठी काय, तेवढं सांगा.

तर्री_जास्त · ६ मे, रात्री १०:४०

ताई, घोगरा आवाज आणि खोकला म्हणजे शंभर टक्के ॲसिडिटी. मला दोन वर्षं हेच होतं. रात्रीचं जेवण सातच्या आत आणि उशी उंच. थंड दूध द्या.

जुना_बर्डीकर · ६ मे, रात्री ११:०५

ॲसिडिटी नाई बाप्पा, लकवा झाला त्यांले. आमच्या बाबांचं उजवं अंग गेलं होतं, सहा वर्षं झाली. आम्ही सगळं करून पाहिलं. ऐका, घास गिळतानी हनुवटी छातीले टेकवायची, मंग ठसका लागत नाई. हे पक्कं आहे. हातात स्पंजचा बॉल द्या, दिवसभर दाबू द्या. छताले पुली लावा, चांगल्या हातानं ओढलं की लुळा हात वर जाते. आन् झोपवाचं ते नेहमी चांगल्या कुशीवर, लुळ्या अंगावर बिलकूल नाई, रक्त थांबते. एका गावी लकव्याचा काढा देतात, पत्ता पाहिजे असंल तर सांगतो.

निवृत्त_सिस्टर · ६ मे, रात्री ११:३०

ऋतुगंध, खांद्याचं नंतर पाहू. आधी ९९.८ चं सांगा. हा फक्त संध्याकाळी येतो की सकाळीही? खोकला जेवतानाच की रात्रीही? आई झोपली असेल तर आत्ता जाऊन पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, पोटाची हालचाल बघून. २४ च्या वर असेल, किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ९४ च्या खाली असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

मी अशा पेशंटांत ३१ वर्षं काढली. पाण्याने खोकला, चहानंतर ओला आवाज आणि त्यावर बारीक ताप, हे तिन्ही एकत्र दिसले की मी उन्हाळ्याला दोष देत नाही. घशातून गेलेलं थोडंथोडं छातीत उतरत असतं. आणि नळी काढताना ठसका लागला नाही यावर विसंबू नका. पक्षाघातात घशाची जाणीवही बधिर होते. पाणी श्वासनलिकेत जातं आणि माणूस खोकतसुद्धा नाही. तुमची आई खोकते आहे, हे एका अर्थी बरं आहे.

काढा कोणताही असो, तो पातळ असतो. आज रात्री तरी पातळ काहीच तोंडात घालू नका. गोळ्या आहेत का रात्रीच्या?

ऋतुगंध · ६ मे, रात्री ११:५०

श्वास २६ मोजले. भावाला उठवलं. निघतोय.

उठाबशी · ७ मे, सकाळी ७:२०

छान केलंत. मी फिजिओ आहे, २२ वर्षं घरी जाऊनच काम करतो. आई परत येईपर्यंत लिहून ठेवतो.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, मला तो एकच दिसतो. फाउलर बेडचं डोकं वर केलं की आपल्याला वाटतं माणूस बसला. तो बसलेला नसतो, घसरगुंडीवर असतो. कंबर पुढे सरकते, पाठीची कमान होते आणि समोर बघायला मान मागे जाते, हनुवटी वर येते. मान मागे गेलेली असताना गिळून पाहा स्वतः, भिंतीला डोकं टेकवून छताकडे बघत. घोट नीट जात नाही, आणि त्या स्थितीत श्वासनलिकेकडे जाणारी वाट जास्त उघडी असते. त्यात त्या डावीकडे कलतात, म्हणजे घास लुळ्या गालाकडे आणि घशाच्या लुळ्या बाजूला उतरतो. आणि कलताना डावा हात कुठे असतो? मांडीवरून घसरून बाजूला लोंबकळत. खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारे स्नायू सध्या झोपलेत, त्यामुळे हाताचं सगळं वजन सांध्याच्या पिशवीवर येतं. वर मावशी तोच हात ओढतात. म्हणजे ठसका आणि खांदा, दोन्ही त्याच घसरगुंडीतून आले आहेत.

एक करून बघा. आईला बसवून, डावा हात सैल सोडून, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट ठेवा. उजव्या खांद्याशी तुलना करा. डावीकडे बोटभर खळगा लागला तर सांधा खाली उतरलाय. घाबरू नका, पण त्या दिवसापासून त्या हाताला कोणी ओढायचं नाही आणि काखेत हात घालून कोणी उचलायचं नाही.

बर्डीकर भाऊ, पुली मात्र नको. खांद्याचं पातं सोबत फिरत नसताना हात वर ओढला की आतलं चिरडतं. दुखरा खांदा घेऊन येणारे निम्मे पेशंट घरी पुली बांधूनच आलेले असतात. ही माझी मोजदाद आहे, कुठला अभ्यास नव्हे.

जुना_बर्डीकर · ७ मे, सकाळी ८:०५

भाऊ, आमच्या बाबांले तर फायदाच झाला. पण खांदा दुखाचा, हे खरं. आम्हाले वाटे व्यायामाचं दुखणं आहे. आन् बॉलचं काय म्हणता?

उठाबशी · ७ मे, सकाळी ८:४०

बॉलवर आमच्यातही एकमत नाही. माझं म्हणणं असं की पक्षाघातानंतर मूठ आपोआप आवळायला लागते, उघडणं अवघड होतं. जे आपणहून होणार आहे त्याची तालीम कशाला? मी उघडा तळहात टेबलावर ठेवून त्यावर वजन घ्यायला लावतो. हातात थोडी ताकद आली असेल तर पकडण्याचा व्यायाम देणारे फिजिओही आहेत, ते चुकीचे आहेत असं म्हणणार नाही.

लुळ्या कुशीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, त्यावर झोपवावं. रक्त थांबत नाही. उलट अंगाचं वजन पडून त्या बाजूची जाणीव मेंदूला पोचते आणि चांगला हात मोकळा राहतो. फक्त खांद्यावर चढून झोपायचं नाही, हीच अट. आई घरी आली की लिहितो.

ऋतुगंध · ९ मे, दुपारी ३:३०

सिस्टर, तुमचे आभार कसे मानू. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात छोटा डाग निघाला. सलाईनमधून अँटिबायोटिक चालू आहे, ताप उतरला. नळी परत टाकायची का यावर चर्चा झाली. शेवटी स्पीच थेरपिस्टला बोलावलं आणि नाकातून बारीक कॅमेरा घालून, आईला रंग घातलेलं पाणी आणि दही गिळायला लावून तपासणी केली. मी स्क्रीनवर बघत होते.

साधं पाणी घोट सुरू व्हायच्या आधीच खाली घरंगळतं आणि थोडं श्वासनलिकेत जातं. तीनदा गेलं, त्यातल्या एकदाच ती खोकली. दाट केलेलं पाणी नीट गेलं. हनुवटी खाली घेऊन साधं पाणी दिलं, तरी गेलंच. पण मान डावीकडे वळवून गिळायला लावलं तेव्हा घशाच्या डाव्या बाजूला साचायचं ते बंद झालं. मला हे उलटं वाटलं. लुळ्या बाजूकडे तोंड का वळवायचं?

आता तीन आठवडे सगळं दाट, 'लेव्हल २' म्हणाल्या. खाणं मऊ, गुठळी नसलेलं. उद्या सोडतील.

निवृत्त_सिस्टर · ९ मे, दुपारी ४:१५

मान डावीकडे वळवली की घशाची डावी वाट दाबून बंद होते, घास चांगल्या बाजूने उतरतो. पाटाचा एक फाटा बंद करून दुसऱ्यातून पाणी सोडतात, तसं.

बर्डीकर, तुमच्या बाबांना हनुवटीने फायदा झाला असेल, अनेकांना होतो. पण हा उपाय सरसकट नाही. या ताईंच्या आईला कॅमेऱ्याखाली उपयोग झाला नाही, हे डोळ्यांनी दिसलं. म्हणून कोणाची युक्ती कोणाला देऊ नये.

लेव्हल २ घरी तपासता येते. सुई न लावलेली १० मिलीची सिरिंज घ्या. ० ते १० ची पट्टी फूटपट्टीने मोजा, ६१.५ मिलीमीटर भरायला हवी, काही कंपन्यांच्या सिरिंजा वेगळ्या असतात. दांडा काढा, खालचं भोक बोटाने बंद करा, दाट केलेलं पाणी १० पर्यंत भरा. बोट काढून दहा सेकंद मोजा, परत बंद करा. आत ४ ते ८ मिली उरलं तर लेव्हल २. चारच्या खाली उरलं तर पातळ झालंय, आठच्या वर म्हणजे जास्त घट्ट. पहिले चार दिवस प्रत्येक वेळी तपासा, मग हाताला अंदाज येतो. दूध घातलेल्या चहाला दाट व्हायला जास्त वेळ लागतो. लगेच पाहून दाट करायची पावडर अजून घातली की पाच मिनिटांनी त्याची खळ होते.

पावडर झँथन गमची आहे की कॉर्नस्टार्चची, डब्यावर वाचा. स्टार्चवाली ठेवली तर घट्ट होत जाते आणि लाळ लागली की पातळ होते. आपली ज्वारीची आंबीलही त्यातलीच. आईच्या तोंडातून आलेला चमचा वाटीत परत बुडवत राहिलात, तर शेवटचे घोट पाण्यासारखे झालेले असतात. दोन वाट्या करा, थोडं थोडं काढून घ्या.

अमरावती_रोड · ९ मे, रात्री ९:००

मी वाचक आहे, पण राहवलं नाही. माझ्या आजोबांना दाट पाणी सुरू केलं आणि त्यांनी पिणंच सोडलं. 'हे काय शेंबडासारखं' म्हणत. मे महिना होता, कूलर चालू, आम्ही सगळे छातीच्या भीतीने पाणी जपून देत होतो. आठव्या दिवशी ते सुस्त झाले, जीभ कोरडी, लघवी चहासारखी. ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, डिहायड्रेशन. म्हणजे न्यूमोनिया टाळायला गेलो आणि मूत्रपिंडावर आलं. दाट पाण्याने न्यूमोनिया खरंच टळतो का, हा माझा प्रश्न आहे.

निवृत्त_सिस्टर · ९ मे, रात्री ९:५०

प्रश्न रास्त आहे, आणि याचं छातीठोक उत्तर कोणाकडेच नाही. दाट केलं की श्वासनलिकेत कमी जातं, हे कॅमेऱ्यात दिसतं. त्याने न्यूमोनिया किती कमी होतो, यावर वाद आहे. आणि माणसं कमी पितात, हे तर मी वॉर्डात रोज पाहिलं. म्हणून दाट पाणी दिलं की काम संपत नाही, हिशोब ठेवावा लागतो. डॉक्टरांना विचारून दिवसाचा आकडा ठरवा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो वेगळा येतो. भिंतीवर कागद लावा, प्रत्येक वाटी मिलीत लिहा, लघवी किती वेळा आणि रंग कसा तेही. दुपारी चारपर्यंत निम्म्याच्या खाली असाल तर संध्याकाळी धावपळ करून भरायला जाऊ नका, घाईत ठसका लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सुरू करा. आणि असं दोन दिवस सलग झालं तर डॉक्टरांना फोन.

तोंड मात्र स्वच्छ हवं. जे चुकून खाली जातं त्याच्यासोबत तोंडातले जंतू जातात, आजार त्यांनीच होतो. सकाळी, रात्री आणि प्रत्येक खाण्यानंतर मऊ ब्रश, डाव्या गालाच्या आतून बोटाला गॉझ गुंडाळून. चूळ भरायला लावू नका, ती पातळ पाण्याची असते. कवळी असेल तर रात्री काढा.

ऋतुगंध · १० मे, रात्री ८:१०

घरी आलो. दीड लिटर सांगितलंय. आज ९०० झालं. उठाबशी दादा, आता बसवायचं सांगा. खांद्याखाली बोट घालून पाहिलं, खळगा आहे.

उठाबशी · १० मे, रात्री १०:३०

आधी उठवणं. मावशींना जवळ उभं करून दाखवा, फोनवर सांगून जमणार नाही. आईचे दोन्ही गुडघे वाकवा, तळवे गादीवर. उजव्या कुशीवर वळवा, वळवताना हात डाव्या खांद्याच्या पात्यामागे आणि डाव्या कमरेवर ठेवा, दंडाला हात नाही. डावा हात त्यांच्याच उजव्या हातात गुंफून पोटावर घ्यायला सांगा, म्हणजे तो मागे राहत नाही. कुशीवर आल्या की दोन्ही पाय पलंगाखाली सोडा. पाय खाली जातात तसं धड वर येतं. आई उजव्या कोपराने गादी ढकलेल, मावशींनी डाव्या पात्याला आधार द्यायचा. घाई नको. बसल्यावर दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसू द्या, चक्कर येते का ते बघा.

खुर्ची उजव्या बाजूला, पलंगाशी तिरपी ठेवा. मावशींनी समोर बसल्यासारखं वाकून आपला गुडघा आईच्या डाव्या गुडघ्याला लावायचा, तो दुमडायला नको. कमरेला जाड पट्टा बांधा, धरायला काहीतरी हवं. डावीकडे वळणं ही चांगली तालीम आहे, पण ती मी किंवा दुसरा फिजिओ असतानाच.

खुर्ची हाताची, प्लॅस्टिकची चालेल. पण तिची बैठक मध्ये दबते, कंबर घसरते. खाली फळी टाका, वर पातळ गादी. कंबर पाठीला पूर्ण टेकलेली, गुडघे कमरेच्या पातळीत, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. उंची जास्त असेल तर पायाखाली पाट. आईचा डावा तळवा आतल्या बाजूने उचलतो का, ते पाहा. डाव्या बगलेजवळ, छातीच्या बाजूला, टॉवेलची घट्ट वळकटी लावा, म्हणजे कलणार नाही. समोर छातीखाली येईल असं टेबल आणि त्यावर डावा हात, कोपर पूर्ण टेबलावर, तळहात उघडा. हात टेबलावर आला की खांद्याचं ओझं उतरतं आणि धड आपोआप सरळ होतं. तुम्हाला हे पहिल्याच दिवशी दिसेल.

भरवणाऱ्याने उभं राहून भरवायचं नाही. उभ्या माणसाकडे बघायला मान वर जाते. स्टुलावर बसा, आईच्या डोळ्यांच्या पातळीत आणि त्यांच्या डाव्या बाजूला. मान डावीकडे वळवायला सांगितली आहे ना, तुम्ही तिकडे बसलात की ती वळतेच. शिवाय उजव्या मेंदूचा पक्षाघात असला की बऱ्याच जणांचं डावीकडे लक्षच नसतं. ताटाचा डावा अर्धा भाग उरतो का हो आईचा?

ऋतुगंध · १० मे, रात्री १०:५५

अरे देवा. हो. मला वाटायचं चव आवडत नाही. काल पपईच्या फोडी बरोबर डावीकडच्याच उरल्या होत्या.

उठाबशी · १० मे, रात्री ११:२०

मग डावीकडून बोला, ताट थोडं डावीकडे सरकवा, उरलेल्या फोडीवर बोट ठेवून 'इकडे बघ' म्हणा. मात्र गरम काही डाव्या बाजूला ठेवू नका, हात त्यावर गेला तरी कळणार नाही.

चमचा लहान, ५ मिलीचा, समोरून आणि हनुवटीच्या पातळीतून आणा. वरून आणला की डोकं मागे जातं. घास उजव्या गालात ठेवा. एक गिळलं, गळ्याची घाटी वर जाऊन आली, मग परत एकदा रिकामं गिळायला सांगा, मगच दुसरा. अधूनमधून 'आ' म्हणायला सांगा. आवाज ओला आला तर थांबा, खोकून काढू द्या. जेवणानंतर अर्धा तास तरी खुर्चीतच, लगेच आडवं नाही. थकलेल्या असतील तेव्हा जेवण लांबवू नका. पाऊण तास चालणाऱ्या जेवणाचे शेवटचे पंधरा मिनिटं सर्वात धोक्याचे. तीन मोठ्यांऐवजी पाच-सहा छोटी करा.

आता झोपणं. तुमच्याकडे चार उशा हव्यात. उजव्या कुशीवर असताना डावा हात समोर उशीवर, खांद्याच्या उंचीला, मनगट उशीच्या कडेवरून लोंबता कामा नये. डावा पाय पुढे, गुडघ्यात वाकलेला, पूर्ण उशीवर, तळवाही. पाठीमागे लोड. डाव्या कुशीवर वळवल्यावर आधी पात्याखाली हात घालून खांदा पुढे ओढून घ्या, म्हणजे वजन पात्यावर येतं, टोकावर नाही. डावा हात समोर सरळ, तळहात वर. डावा पाय किंचित वाकलेला, उजवा पुढे उशीवर. खांदा दुखतोय तोवर डाव्या कुशीवर एक तासाच्या वर ठेवू नका, दुखलं तर लगेच वळवा. उताणं कमीत कमी, आणि ते असेल तेव्हा डाव्या पात्याखाली आणि डाव्या कमरेखाली घडी केलेली चादर, बेडचं डोकं ३० अंशांवर. दर दोन तासांनी कूस, रात्रीही. माकडहाड आणि टाचा रोज बघा, दाबल्यावर लाली गेली नाही तर दोन तासही जास्त आहेत.

खरं सांगायचं तर अशा उशांनी हात आखडायचा थांबतो याचा भक्कम पुरावा नाही. ओढण्याने खांदा बिघडतो, याबद्दल मात्र मला शंका नाही.

तर्री_जास्त · ११ मे, सकाळी ९:१५

मी ॲसिडिटीचं म्हणालो ते मागे घेतो. पण एक विचारू? रोज तेलाने मालिश केली तर?

उठाबशी · ११ मे, सकाळी ९:३५

हलक्या हाताने, चालेल. खांदा ओढून, बोटं मोडून नाही. डावी पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर अजिबात चोळू नका. तिथे गुठळी असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

ऋतुगंध · १८ मे, रात्री ९:४०

आठवड्याचा हिशोब देते. देवघरातला पाट आईच्या पायाखाली गेला, बाबा कुरकुरले, मग गप्प बसले. टेबलावर हात आला तशी ती खरंच सरळ बसते. पाऊण तासाचं जेवण पंचवीस मिनिटांवर आलं. ओला आवाज दिवसातून एखाद्या वेळी, तोही संध्याकाळी. ताप नाही.

मावशींना डाव्या बाजूला बसून उजव्या गालात घास द्यायचं जमत नव्हतं, चमचा आडवा यायचा. आता त्या डाव्या हाताने भरवतात आणि मला म्हणतात, 'तुझ्या आईपायी मी डावखुरी झाले.'

उठबसही सुरू आहे. बैठकीखाली दोन गाद्या घालून उंच केलं, तिथून समोर टेबल धरून पाच वेळा, दिवसातून चारदा. काल सातवर गेली. डाव्या पायावर भार येत नाही, सगळं उजव्यावर ढकलते. खांदा रात्री अजूनही दुखतो.

आणि एक भांडण. भाऊ म्हणतो, दाट चहा पिताना आईचं तोंड बघवत नाही. परवा त्याने गुपचूप दोन घोट साधं पाणी पाजलं. खोकली नाही, म्हणून तो म्हणतो काही होत नाही. पाणी दिवसाला ११००-१२०० वरच अडकलंय.

अमरावती_रोड · १८ मे, रात्री १०:०५

मी भावाच्या बाजूने आहे. माणूस मे महिन्यात पाणी मागतोय.

निवृत्त_सिस्टर · १८ मे, रात्री १०:३०

खोकली नाही याचा अर्थ गेलं नाही असा होत नाही, कॅमेऱ्यात तीनपैकी दोनदा खोकल्या नव्हत्या ना? पण भावाला रागावू नका. काही ठिकाणी तोंड घासून स्वच्छ केल्यावर, जेवणाच्या मध्ये, बसवून, थोडं साधं पाणी देण्याची पद्धत आहे. ती सगळ्यांना लागू नाही, आणि नुकताच न्यूमोनिया झालेल्या पेशंटला ती कोणी आपल्या मनाने सुरू करू नये. स्पीच थेरपिस्टला भावासमोर विचारा. त्या हो म्हणाल्या तर निदान चोरून होणार नाही. तोवर दाट ताक, मऊ घोटलेलं दही, गाळलेल्या आंब्याचा रस यांतूनही पाणी जातं, तेही कागदावर धरा. कुल्फी आणि जेली मात्र नाही, तोंडात वितळून पाणीच होतं.

रात्रीच्या गोळ्या कशा देता?

ऋतुगंध · १८ मे, रात्री १०:४०

खलबत्त्यात कुटून दह्यात.

निवृत्त_सिस्टर · १८ मे, रात्री १०:४५

सगळ्या? रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर बाहेरून आवरण असेल तर ती कुटायची नसते, ते आवरण पोटासाठीच असतं. पाकिटांचे फोटो काढून उद्या डॉक्टरांना पाठवा, प्रत्येकीचं विचारा. बंद करू मात्र नका एकही.

उठाबशी · १९ मे, सकाळी ७:१०

डाव्या पायावर भार येत नाही त्याला एक करा. उठायच्या आधी डावा तळवा उजव्याच्या थोडा मागे ठेवा. मग त्यालाच काम करावं लागतं. गुडघ्याला मावशींचा गुडघा असू दे. सात झाले तर बैठकीची एक गादी काढा आणि परत पाचवर या.

रात्रीच्या खांद्याचं मला इथून कळत नाही. झोपेत हात कुठे जातो ते रात्री दोन वाजता उठून एकदा बघा. हाताची कातडी गरम आणि चमकदार, बोटं सुजलेली असं काही दिसतंय का, तेही.

जुना_बर्डीकर · १९ मे, सकाळी ८:००

बाबांचे बोटं सुजले होते हो, तीन महिन्यानं. आम्ही काई केलं नाई. ते काय होतं?

ऋतुगंध · २० मे, सकाळी ६:३०

रात्री दोनला पाहिलं. उशी खाली पडलेली, हात पाठीमागे अंगाखाली दुमडलेला आणि आई गाढ झोपेत. बोटं किंचित सुजलेली वाटली, मी रात्रीच्या दिव्यात पाहिली म्हणून सांगता येत नाही. आता उजेडात फोटो काढते.